दहा वर्षांच्या मुलीचा एक पाय २.८ सेंमी आखूड: बूट, वाढ थांबवणे की हाड लांबवणे?

प्रश्न: माझी मुलगी नुकतीच १० वर्षांची झाली. तिच्या डाव्या मांडीचे हाड जन्मापासून थोडे आखूड आहे. एका डॉक्टरांनी टेपने मोजून २ सेंमी फरक सांगितला, दुसऱ्यांनी साडेतीन, पायांची लांबी मोजण्याच्या एक्स-रेत, म्हणजे स्कॅनोग्राममध्ये, २.८ आला. एक म्हणतात बुटाला उंची लावा, दुसरे म्हणतात चांगल्या पायाची वाढ थांबवा, तिसरे म्हणतात आखूड हाड लांबवा. चांगल्या पायाला हात लावायला मन धजत नाही. तिची पाठही एका बाजूला वाकलेली दिसते. काय करावे?

उत्तर:

तिन्ही सल्ले परस्परविरोधी वाटत असले, तरी ते बहुधा तीन वेगवेगळ्या आकड्यांवर दिलेले आहेत. पहिल्या डॉक्टरांनी आजचा फरक पाहिला, दुसऱ्यांनी वाढ संपताना तो किती होईल याचा अंदाज बांधला आणि तिसऱ्यांनी कदाचित साडेतीन हा आकडा धरून तो आणखी वाढत जाईल असे गृहीत धरले. लहान मुलांच्या बाबतीत निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा तो वाढ पूर्ण होतानाचा फरक असतो. तो आज मोजता येत नाही, काढावा लागतो, आणि त्यासाठी आजचे मोजमाप बिनचूक असावे लागते. मी मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो त्यातल्या काही गोष्टी प्रत्यक्ष तपासणीनंतर बदलू शकतात. कोठे बदलतील तेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी मोजमापाविषयी. टेपने मोजताना कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत अंतर घेतात. टोकाचा नेमका बिंदू बोटाखाली किंचित सरकला, मांडी जाड असली, किंवा एक पाय थोडा बाहेर वळलेला असला, तरी अर्धा-एक सेंटीमीटर सहज इकडेतिकडे होतो. काही जण बेंबीपासून मोजतात; त्या मोजमापात कमर तिरकी असल्याचा फरकही मिसळतो, म्हणून त्याला आम्ही दिसणारी लांबी म्हणतो, खरी लांबी नव्हे. एकाच मुलीचे २ आणि ३.५ असे दोन आकडे येण्यात त्यामुळे फारसे आश्चर्य नाही. टेप हे फरक आहे की नाही ते सांगणारे साधन आहे, निर्णय घेण्याचे नव्हे.

मी स्वतः ज्यावर जास्त विसंबतो ती तपासणी ठोकळ्यांची. माझ्या तपासणीच्या खोलीत सुताराकडून करून घेतलेल्या अर्धा, एक आणि दोन सेंमी जाडीच्या प्लायवुडच्या फळ्या आहेत. मुलाला अनवाणी, दोन्ही गुडघे सरळ आणि दोन्ही टाचा टेकवून उभे करायचे, आखूड पायाखाली एकेक फळी वाढवत जायचे आणि मागे बसून दोन्ही तळहात कमरेच्या हाडांच्या कडांवर ठेवून पाहायचे. ज्या जाडीला दोन्ही हात एका पातळीत येतात तो त्या मुलाचा प्रत्यक्ष फरक. यात मांडी, नडगी आणि तळपाय या तिन्हींचा हिशेब आपोआप होतो. शिवाय मुलाला विचारता येते, "आता कसे वाटते?" मुले फार नेमके उत्तर देतात; दोन फळ्यांवर "बरोबर" म्हणणारे मूल तिसरी घातली की लगेच "आता हा पाय मोठा झाला" असे सांगते.

स्कॅनोग्राम चांगला असेल तर त्याची अचूकता टेपपेक्षा खूपच जास्त असते, पण तो कसा काढला हे पाहावे लागते. उभे राहून, आखूड पायाखाली ठोकळा ठेवून, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या समोर असताना, खुब्यापासून घोट्याखालपर्यंत एकाच चित्रात आलेला एक्स-रे सर्वांत उपयोगी. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर वाकलेले हाड चित्रात आखूड दिसते आणि फरक खोटा वाढतो. एक्स-रेमध्ये हाडे मुळापेक्षा थोडी मोठी दिसतात याची पालकांना कधीकधी काळजी वाटते. पण ती वाढ दोन्ही पायांत सारखीच असल्याने २.८ सेंमी फरकात तिच्यामुळे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची चूक होते, तिच्यावर वेळ घालवू नये.

ठोकळे आणि एक्स-रे यांचे उत्तर जुळले नाही तर काय करायचे, हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा स्कॅनोग्राममधला फरक ३.१ सेंमी होता आणि ठोकळ्यांवर कमर ४ सेंमीला सपाट येत होती. मी चित्रावर विश्वास ठेवला आणि ठोकळ्याचे मोजमाप ढोबळ म्हणून बाजूला सारले. त्या मुलाच्या आखूड पायाचा तळपायही बुटका होता, म्हणजे घोट्यापासून जमिनीपर्यंतची उंचीच सुमारे एक सेंटीमीटर कमी होती, आणि मी चित्रातले मोजमाप घोट्याच्या सांध्यापाशी थांबवले होते. हिशेबाप्रमाणे शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण वाढ संपल्यावर त्याला अपेक्षेपेक्षा जवळजवळ तेवढाच, म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर, जास्त फरक उरला. त्याचे फारसे काही बिघडले नाही. बुटाच्या आत टाचेखाली पातळ गादी घालून तो व्यवस्थित हिंडतो. तेव्हापासून दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत आली की कारण सापडेपर्यंत मी पुढे जात नाही. मांडीचे हाड जन्मतः आखूड असणाऱ्या मुलांमध्ये त्याच बाजूची नडगी आणि तळपायही थोडे लहान असू शकतात, म्हणून आपल्या मुलीच्या बाबतीत हे मुद्दाम पाहून घ्यावे. उभ्याने काढलेल्या चित्रात दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांच्या उंचीतला उरलेला फरक आणि पायाखालच्या ठोकळ्याची जाडी यांची बेरीज केली की तळपायासकटचा फरक मिळतो.

आता चाल आणि पाठ. २.८ सेंमी हा आकडा नुसता सांगून फारसा उपयोग नाही, कारण तोच फरक पाच वर्षांच्या मुलाला खूप आणि उंच पुरुषाला कमी असतो. दहा वर्षांच्या मध्यम उंचीच्या मुलीत तो लांब पायाच्या साधारण साडेचार टक्के भरतो. तीन टक्क्यांच्या आत फरक असला तर मुले चालीत काहीच विशेष तडजोड करत नाहीत. साडेपाच टक्क्यांच्या पुढे लांब पायाला जास्त काम पडते आणि प्रत्येक पावलागणिक शरीर अधिक खालीवर होते. आपली मुलगी या दोहोंच्या मधे आहे, म्हणून काही मुले या टप्प्यावर लंगडताना दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. बरीच मुले आखूड पायाच्या चवड्यावर चालून किंवा लांब पायाचा गुडघा किंचित वाकवून फरक झाकतात. तिच्या रोजच्या जुन्या चपला उलट्या करून पाहा. डाव्या चपलेचा चवड्याकडचा भाग झिजलेला आणि टाच जवळजवळ कोरी असेल, तर ती चवड्यावर चालते आहे. असे वर्षानुवर्षे चालल्यास पोटरीचा स्नायू आखडतो. मग बूट उंच केला तरी टाच टेकत नाही आणि बुटाचा उपयोग झाला नाही असा गैरसमज होतो. गुडघा सरळ ठेवून तिचा घोटा काटकोनाच्या वर वळतो की नाही, हे तपासणीत पाहणे त्यासाठी आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. लंगडणे नेहमीच लांबीमुळे असते असे नाही. योग्य ठोकळा घालून किंवा उंच केलेला बूट घालूनही ती डाव्या बाजूला झुकत चालत असेल, तर खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमकुवत आहेत किंवा खुब्याच्या वाटीचे छप्पर उथळ आहे अशी शंका घ्यावी लागते. आखूड मांडीच्या या जन्मजात प्रकारात दोन्ही शक्य आहे, आणि लांबी सारखी करून त्यातले काहीही सुधारत नाही.

पाठीचे कोडे घरच्या घरीही बरेचसे सुटते. पाय आखूड असला की कमरेचे कडे, ज्याला आम्ही पेल्व्हिस म्हणतो, त्या बाजूला खाली झुकते. डोके मध्यावर ठेवण्यासाठी मणक्यांना वरच्या बाजूला वळावे लागते आणि बाक आखूड पायाच्या बाजूला फुगलेला दिसतो. हा बाक पायांमुळे आलेला असेल तर पाय हिशेबातून काढले की तो गेला पाहिजे. तिला पाठमोरी एका सपाट, टणक स्टुलावर बसवा आणि पाठ पाहा. बसल्यावर पाठ सरळ झाली, किंवा डाव्या पायाखाली पावणेतीन सेंटीमीटरचे जाड पुस्तक ठेवून उभी राहिल्यावर सरळ झाली, तर ती पाठीची स्वतंत्र व्याधी नव्हे. त्यानंतर त्याच पुस्तकावर उभी असताना तिला गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट उंच दिसली, तर मणके केवळ वाकलेले नाहीत, फिरलेलेही आहेत. तो खरा स्कोलिओसिस असू शकतो आणि त्याची वेगळी तपासणी व्हायला हवी. दहा ते चौदा हेच मुलींमध्ये त्याचे वय असल्याने "पायामुळेच आहे" असे न तपासता म्हणू नये. कायम झालेला बाक आणि तिरकी झालेली कमर असलेल्या रुग्णाचा पाय उंच केल्यास पाठ उलट जास्त वाकडी होऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

पायाच्या फरकामुळे पुढे कंबरदुखी होतेच का, असे पालक हमखास विचारतात. दोन सेंटीमीटरच्या आतल्या फरकाचा आणि कंबरदुखीचा संबंध ठामपणे दाखवता आलेला नाही. तेवढा फरक घेऊन आयुष्यभर काही त्रास न होणारी माणसे पुष्कळ आहेत. फरक जास्त असेल तर काळजीचे एक कारण खुब्याचे आहे. कमर आखूड बाजूला झुकली की लांब पायाच्या खुब्याचा गोळा वाटीतून थोडा बाहेर उघडा पडतो, म्हणजे भार सांभाळणारी जागा तेवढी कमी होते. माझ्या मते तीन सेंटीमीटरच्या पुढचा फरक तसाच सोडून देऊ नये याला पाठीइतकेच हेही कारण आहे.

आता मुख्य हिशेब. जन्मजात आखूड हाडात फरक वयाबरोबर वाढतो, पण दोन पायांचे प्रमाण तेच राहते. आखूड पाय लांब पायाच्या साडेचार टक्के मागे असेल तर शेवटपर्यंत साधारण तेवढाच मागे राहतो. त्यामुळे अमेरिकी शल्यविशारद ड्रॉर पेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेली गुणकाची पद्धत येथे चपखल बसते. प्रत्येक वयासाठी एक गुणक ठरलेला आहे आणि आजच्या फरकाला त्याने गुणले की वाढ संपतानाचा फरक मिळतो. मुलींसाठी तिसऱ्या वर्षी तो २.०५, दहाव्या वर्षी १.१९ आणि अकराव्या वर्षी १.१२५ आहे. २.८ ला १.१९ ने गुणले की ३.३ सेंमी येतात. घरात तिचे तिसऱ्या वर्षाच्या आसपासचे एक्स-रे जपून ठेवलेले असतील तर ते शोधून काढा. त्या वेळचा फरक सुमारे १.६ सेंमी असेल तर आपला हिशेब बरोबर दिशेने आहे. तो तेव्हाच अडीच असेल तर कोठेतरी मोजमाप चुकले आहे किंवा कारण वेगळे आहे.

कारण वेगळे असेल तर हा गुणक वापरता येत नाही, हे इतर वाचकांसाठी नोंदवतो. हाड जेथून लांब वाढते ती गुडघ्याजवळची वाढीची चकती पडून किंवा जंतुसंसर्गाने मेली असेल तर प्रमाण टिकत नाही. फरक दर वर्षी त्या चकतीच्या वाढीइतका रुंदावत जातो. उलट, लहान वयात मांडीचे हाड मधे मोडून जुळल्यावर ते एखादा सेंटीमीटर जास्त वाढते आणि मग तो फरक तसाच राहतो, त्याला बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही.

म्हणजे आपल्यासमोरचा खरा आकडा ३.३ आहे. सर्वसाधारण संकेत असा की वाढ संपताना फरक २ सेंमीच्या आत राहणार असेल तर काही करायचे नाही किंवा हवी असल्यास गादी वापरायची; २ ते ५ मधे असेल तर लांब पायाची वाढ वेळेवर थांबवायची; आणि ५ च्या पुढे गेला तर आखूड हाड लांबवायचा विचार करायचा. या सीमारेषा काही दगडावरच्या नाहीत, कुटुंबाची उंची आणि सोबतच्या व्याधी यांनुसार त्या सरकतात. मात्र ३.३ हा आकडा मधल्या पट्ट्यात इतका स्पष्ट बसतो की मी येथे फार घोळ घालणार नाही: ठोकळ्याचे मोजमाप जुळले आणि खाली सांगितलेले हाडांचे वय साथ देत असेल, तर मी योग्य वेळी उजव्या गुडघ्याजवळची वाढ थांबवण्याचा सल्ला देईन.

चांगल्या पायाला हात लावायला मन धजत नाही, हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक आईवडिलांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते समजण्यासारखेही आहे. म्हणून ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते ते सांगतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, गुडघ्याच्या अगदी वर, वाढीची चकती असते आणि त्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ तेथूनच होते. भूल देऊन, सी-आर्म या चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पाहत, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे एकेक सेंटीमीटरच्या छेदातून बारीक ड्रिलने ही चकती दोन्ही कडांनी खरवडून काढतात. तेथे हाड जुळते आणि त्या जागची वाढ थांबते. याला एपिफिझिओडेसिस म्हणतात. अमेरिकी शल्यविशारद फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये ती प्रथम मांडली तेव्हा छेद मोठा असे, आता तसा राहिलेला नाही. मुलगी एक-दोन दिवसांत घरी जाते, काही दिवस कुबड्या घेते आणि काही आठवड्यांत खेळायला लागते. त्यानंतर आखूड पाय आपल्या गतीने वाढत राहतो आणि अंतर हळूहळू भरत जाते. चकतीवर स्क्रू किंवा छोट्या पट्ट्या बसवून वाढ रोखण्याच्या पद्धतीही आहेत आणि त्या काढल्यावर वाढ परत सुरू होऊ शकते असे सांगितले जाते. पाय वाकडा असेल तेव्हा त्या पट्ट्या उत्तम काम करतात, पण केवळ लांबी जुळवण्यासाठी त्या उशिरा आणि बेभरवशाने वाढ रोखतात असा माझा अनुभव आहे.

या शस्त्रक्रियेत सगळे कौशल्य वेळेचे आहे. मांडीच्या खालच्या चकतीतून वर्षाला सुमारे ९ ते १० मिमी आणि नडगीच्या वरच्या चकतीतून सुमारे ६ मिमी वाढ होते, आणि मुलींची पायांची वाढ साधारण चौदाव्या, मुलांची सोळाव्या वर्षी थांबते असे धरतात. ही वर्षे जन्मतारखेची नव्हेत, हाडांच्या वयाची. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक साधा एक्स-रे काढून तो प्रमाणित चित्रांशी ताडून हे वय ठरवतात. शेवटी अर्धा सेंटीमीटर फरक उरला तरी चालतो, किंबहुना मी तो मुद्दाम ठेवतो, कारण हिशेब चुकून आखूड पायच लांब झाला तर ते कोणालाच रुचत नाही. म्हणजे भरून काढायचे आहेत ३.३ पैकी सुमारे २.८ सेंमी. वर्षाला ९ ते १० मिमी या दराने त्याला तीन वर्षे लागतील, चौदातून तीन गेली की उरतात अकरा. हाडांचे वय आज तिच्या वयाइतके म्हणजे दहाच असेल, तर आपल्या हातात अजून एक वर्ष आहे आणि दर सहा महिन्यांनी मोजमाप घेऊन आकडा पक्का करता येईल. हाडांचे वय आजच अकरा निघाले, तर निर्णय येत्या दोन-तीन महिन्यांत घ्यावा लागेल. आणि ते साडेबारा निघाले, तर फरक तीनच्या आतच थांबेल, पण वाढ रोखून त्यातला दीड सेंटीमीटरही जेमतेम भरेल. तेव्हा नडगीची चकतीही सोबत थांबवायची की उरलेला दीड सेंमी स्वीकारायचा याचा विचार करावा लागेल. पाळी सुरू झाली असेल तर हाडांचे वय पुढे गेलेले असण्याची दाट शक्यता आहे. ही माहिती काही वडील डॉक्टरांना सांगायला संकोचतात, म्हणून मुलीच्या आईने सोबत यावे असे मी सुचवतो.

यात चुकते काय? वेळेचा अंदाज अर्ध्या-एक वर्षाने चुकला तर उत्तर अर्ध्या-एक सेंटीमीटरने चुकते. चकतीची एकच बाजू बंद झाली आणि दुसरी वाढत राहिली तर गुडघा आत किंवा बाहेर वळू लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि पुढे वाढ संपेपर्यंत नियमित तपासणी चुकवू नये. हा बाक लवकर दिसला तर राहिलेली बाजू पुन्हा बंद करून तो थांबवता येतो.

उंचीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो मनात असणारच. उजव्या पायाची वाढ सुमारे २.८ सेंमीने कमी होणार, म्हणजे तिची अंतिम उंचीही तेवढीच कमी होणार. मुलीच्या अंतिम उंचीचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी वडिलांच्या उंचीतून १३ सेंमी वजा करून त्यात आईची उंची मिळवतात आणि बेरजेचे अर्धे करतात. समजा वडील १६८ आणि आई १५२ सेंमी आहेत. तर ती १५३.५ च्या आसपास जाईल आणि शस्त्रक्रियेनंतर १५१ च्या आसपास. बहुतेक कुटुंबांना हा सौदा मान्य होतो. अंदाजच १४५ निघाला तर मात्र काहींना तो मान्य नसतो, आणि अशा वेळी हाड लांबवण्याकडे झुकणे मी चुकीचे मानत नाही.

हाड लांबवणे ही विलक्षण गोष्ट आहे यात शंका नाही. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रिल इलिझारोव्ह यांनी ती घडवली आणि आज आपल्याकडेही ती अनेक ठिकाणी होते. हाड काळजीपूर्वक कापून पाच ते सात दिवस थांबायचे आणि मग दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर, या गतीने दोन्ही तुकडे दूर करत जायचे. मधल्या जागेत नवे हाड तयार होते. ३ सेंमीसाठी ओढण्याचा काळ एक महिन्याचा, पण नवे हाड भार घेण्याइतके कडक व्हायला त्यानंतर आणखी दोन-तीन महिने लागतात आणि तोवर हाडात घातलेल्या पिनांनी तुकडे धरून ठेवणारी बाहेरची चौकट मांडीवर राहते. हाडाबरोबर स्नायू तेवढ्या तत्परतेने लांबत नाहीत, म्हणून गुडघा आखडतो आणि रोजचा व्यायाम मुलीला रडवतो. पिनांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग बहुतेकांना केव्हा ना केव्हा होतो. चौकट काढल्यावर नवे हाड मोडण्याचीही भीती असते. हाडाच्या आत बसणारे, बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे खिळे आता आहेत आणि त्यात पिनांचा त्रास नाही, पण त्यांचा खर्च लाखांत जातो आणि वाढत्या वयात चकतीला धक्का न लावता ते बसवणे प्रत्येकात शक्य नसते.

आपल्या मुलीच्या बाबतीत याशिवाय एक खास धोका आहे. जन्मजात आखूड मांडीच्या मुलांमध्ये गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, पुष्कळदा कमकुवत किंवा अजिबात नसतो आणि वर सांगितल्याप्रमाणे खुब्याची वाटी उथळ असू शकते. एरवी त्याचा त्रास जाणवत नाही. परंतु हाड लांबवताना गुडघ्यावर ताण आला की नडगी मागे सरकून सांधा निसटू लागतो. म्हणून कोणी लांबवण्याचा सल्ला दिला असेल तर त्यांना गुडघ्याची आणि खुब्याची स्थिरता तपासली का हे जरूर विचारा. अंतिम फरक ७-८ सेंमी असता तर हे सगळे सोसून लांबवण्याशिवाय मार्ग नव्हता. ३.३ साठी दोन छोट्या छेदांचा पर्याय उपलब्ध असताना चार महिन्यांची चौकट मी सुचवणार नाही. वाढ थांबवण्याची वेळ हुकली तर लांबवणे पुढेही करता येते, वाढ संपल्यावर लांब पायाचे हाड थोडे कापून आखूड करणेही शक्य असते; उलट, एपिफिझिओडेसिसची वेळ गेली की ती परत येत नाही.

बूट कोठे बसतो? शस्त्रक्रिया ठरेपर्यंत आणि त्यानंतरची तीन वर्षे फरक भरत जाईपर्यंत त्याचाच आधार आहे. संपूर्ण २.८ उंची लावू नये. सुरुवातीला २ सेंमी पुरेसे होतात, कारण मुलीने वर्षानुवर्षे केलेली तडजोड एकदम मोडली की तिला बूट जड आणि परका वाटतो. बुटाच्या आत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त गादी घातली तर टाच बुटातून वर निघते, म्हणून आत अर्धा आणि बाहेरून तळाला दीड अशी वाटणी मी सांगतो. बाहेरची उंची फक्त टाचेला न लावता पूर्ण तळाला लावावी आणि चवड्याच्या पुढे ती उतरती करावी, नाहीतर मुलगी पायरीवर ठेचकाळते. साधे जड रबर टाळून हलके एमसीआर रबर किंवा ईव्हीए फोम वापरायला सांगा. फरक कमी होत जाईल तशी तळाची उंची घासून उतरवून घ्यायची.

एकच अडचण राहते, ती म्हणजे आपण घरात अनवाणी असतो. शाळेच्या बुटाला उंची लावून दिवसातले सहा तास भरून निघतात आणि उरलेला सगळा दिवस मुलगी पूर्वीसारखीच चवड्यावर चालते. घरात वापरण्यासाठी मागे पट्टा असलेल्या हलक्या सँडलला तेवढीच उंची लावून घ्या. पीटीच्या पांढऱ्या बुटांनाही लावा, कारण धावताना फरक जास्त जाणवतो. उंच तळाचा बूट घालायला दहाव्या वर्षी मुली सहसा तयार होतात, बाराव्या-तेराव्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणींच्या नजरेमुळे तो दप्तरात लपवतात. "आयुष्यभर बूट घालेल" हा पर्याय कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो नाही, हे मी याच कारणाने म्हणतो.

आपण आता एवढे करा. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय लिहून घ्या, ठोकळ्यांवरचे मोजमाप करून घेऊन स्कॅनोग्रामच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि जुने एक्स-रे असतील तर ते सोबत घेऊन आपल्या भागातल्या लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडांचे वय अकराच्या जवळ असेल तर शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत बसवता येते, मुलीची शाळा फारशी बुडत नाही. दहाच असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा आणि तोपर्यंत सँडल तयार ठेवा.